पंचेचाळीस मिनिटांच्या तासाची त्र्याऐंशी मिनिटं

ऑफिसात त्यांना सगळे काकू म्हणत. वय सत्तेचाळीस, म्हणजे काकू म्हणण्याइतकं काही नव्हे, पण बाकीचं ऑफिस पंचवीस-तिशीतलं होतं आणि तिथं ज्याला चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधायची सवय असते, त्याला काकूच व्हावं लागतं. पूर्वी त्या कागदाच्या एका घाऊक दुकानात हिशेब लिहीत. दुकान बंद पडलं, तेव्हा चाळिशीत संगणकाचा एक कोर्स करून त्या या सॉफ्टवेअर कंपनीत आल्या आणि बिलांच्या टेबलाला चिकटल्या, त्या चिकटल्याच.

कंपनीचा धंदा साधा होता. कुणी बोलू लागलं की त्याचे शब्द तिथल्या तिथे पडद्यावर उमटायचे. कॉलेजं, कचेऱ्या, दवाखाने ही सेवा घेत आणि वापरतील तेवढ्या मिनिटांचे पैसे भरत. माइक सुरू झाला की एक नोंद कंपनीकडे यायची, बंद झाला की दुसरी. या दोन नोंदींमधला वेळ म्हणजे एक सेशन. प्रत्येक नोंदीला आपला वेगळा क्रमांक, त्यामुळे तीच नोंद चुकून दोनदा आली तरी मोजायची एकदाच. महिना संपला की दोन दिवस थांबायचं, कारण काही नोंदी रस्ता चुकलेल्या पाहुण्यासारख्या उशिरा येतात. मग तीन तारखेला सकाळी सगळ्यांची बेरीज होऊन तेराशे चाळीस ग्राहकांना बिलं जायची. एकदा गेली की त्यात काना-मात्रा बदलायची सोय नाही. चूक निघाली तर वेगळी क्रेडिट नोट, म्हणजे जास्त लावलेले पैसे परत दिल्याची चिठ्ठी काढायची, नाहीतर पुढच्या बिलात वळतं करायचं.

म्हणून तीन तारीख काकूंना कधीच मानवत नसे. आणि या महिन्यात तर घरी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बाराच दिवस झाले होते. आई आता काकूंकडेच होती. सकाळी तिला हाताला धरून बाहेरच्या व्हरांड्यात चालवायचं, मग बर्फाची पिशवी, मग गोळ्या, मग शेजारच्या वहिनींच्या हवाली करून बस गाठायची. धाकटी बहीण दुसऱ्या शहरात होती. ती रोज फोनवर दिसायची आणि सल्ले द्यायची.

"ताई, तिला पाय पूर्ण वाकवायला लाव हं. लाड नको करूस."

"तू ये आणि वाकव," आई मागून ओरडायची. "पाय माझा आहे. तुमच्या दोघींच्या वादात मोडायचा."

तर अशा सकाळी काकू बसमध्ये उभ्या उभ्या डुलकी काढून ऑफिसात पोचल्या, आणि बिलं जाऊन दोन तास होत नाहीत तोच फोन आला.

"मी प्रशिक्षण केंद्राचा हेडक्लार्क बोलतोय," पलीकडचा आवाज म्हणाला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, पण खणखणीत. "आमच्याकडे ऐकू न येणाऱ्या मोठ्या माणसांना शिलाई मशीन, पंखे, मिक्सर दुरुस्त करायला शिकवतात. शिक्षक बोलतात, तुमच्या पडद्यावर अक्षरं येतात, ती आमची मंडळी वाचतात. चांगली सोय आहे. तक्रार सोयीची नाही."

"मग कशाची, काका?"

"आमचा एक तास पंचेचाळीस मिनिटांचा असतो. घंटा मी स्वतः देतो. गेल्या महिन्याच्या अठरा तारखेला मागच्या खोलीतल्या दुसऱ्या तासाची तुम्ही त्र्याऐंशी मिनिटं लावली आहेत. मला एवढंच विचारायचंय बाई, पंचेचाळीस मिनिटांत त्र्याऐंशी मिनिटं कोंबली कशी? कृती कळली तर आम्हीही करू. अभ्यासक्रम लवकर संपेल."

काकूंना हसू आलं, आणि पाठोपाठ कंटाळा आला. अशा फोनांचे दोन प्रकार असतात. एकात ग्राहक चुकलेला असतो आणि भांडतो. दुसऱ्यात आपण चुकलेले असतो आणि तरीही ग्राहकच भांडतो. हा माणूस भांडत नव्हता. त्यानं रजिस्टर ठेवलं होतं. महिन्याचे एकशे चोपन्न तास, प्रत्येकी पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे सहा हजार नऊशे तीस. बिलावर आकडा होता आठ हजार आठशे बावीस.

"आधीच्या बिलापर्यंत थोडंफार इकडेतिकडे असायचं," हेडक्लार्क म्हणाले. "मी म्हटलं, शिक्षक घंटा झाल्यावरही बोलत राहतात. तो त्यांचा जुना रोग. पण दोन हजार मिनिटं जास्त बोलण्याइतका पगार आम्ही देत नाही."

"बघते आणि कळवते," काकू म्हणाल्या.

पाहिलं तर दुहेरी मोजलेलं काही नव्हतं. उशिरा आलेल्या नोंदीही नव्हत्या. प्रत्येक सुरू होण्याला त्याचं बंद होणं जोडीला होतं. पण अठरा तारखेच्या त्या एका तासाची यादी उघडली आणि काकू चष्मा काढून पुसू लागल्या. एक तास म्हणजे एक सेशन असायला हवं होतं, फार तर दोन-तीन. इथं एकसष्ट होती. वीस सेकंद, बावीस सेकंद, ऐंशी सेकंद, अठरा सेकंद. उचकी लागलेल्या माणसानं गोष्ट सांगावी तशी ती यादी होती.

काकू उठून मीटरवाल्याच्या टेबलाशी गेल्या. मीटरवाला म्हणजे मोजणीचा सगळा कोड लिहिणारा इंजिनिअर. हे नाव काकूंनीच पाडलेलं. कानावर मोठाले हेडफोन लावून बसायचा आणि कुणी खांद्याला हात लावला की दचकायचा.

"अरे, हे बघ जरा. हे काय आहे?"

त्यानं यादी वरपासून खालपर्यंत सरकवली. "वाय-फाय जातंय त्यांचं, काकू. लाइन तुटते, आपलं सॉफ्टवेअर पुन्हा आपोआप जोडून घेतं. पडद्यावर क्षणभर थांबल्यासारखं वाटेल, बाकी कुणाला पत्ता लागत नाही. पण प्रत्येक जोडणी म्हणजे नवं सेशन."

"ते कळलं. पण एकसष्ट तुकडे केले म्हणून भाकरी मोठी होत नाही. सेकंदांची बेरीज केली मी. साडेत्रेचाळीस मिनिटं भरतात."

"हो, पण आपण सेशन राउंड-अप करतो ना. वीस सेकंद झाले तरी एक मिनिट. ऐंशी झाले तर दोन."

"आधी राउंड-अप, मग बेरीज?"

"हो."

"आधी बेरीज करून मग का नाही?"

मीटरवाल्यानं हेडफोन मानेवर उतरवले. "चार वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलं, मिनिटात मोजा. मी लिहिलं. एक ओळ आहे ती. तेव्हा आपले ग्राहक किती होते, नऊ? कुणी विचारलंच नाही कुठे राउंड करू म्हणून. नंतर वकिलांनी करारात तेच वाक्य घातलं, की प्रत्येक सेशन पुढच्या पूर्ण मिनिटापर्यंत मोजलं जाईल. म्हणजे आता ते चूक नाही, नियम आहे."

काकू तिथंच शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या. कागदाच्या दुकानात असताना मालकानं त्यांना पहिल्या दिवशी सांगितलेलं की पैसा मोडायचा, म्हणजे पूर्ण रुपयात बसवायचा असेल तर शेवटच्या बेरजेला मोडायचा, ओळीओळीला मोडला तर गिऱ्हाईक तरी बुडतं नाहीतर आपण. दुकानातलं पोरगंसुद्धा हे जाणून होतं.

"सगळ्यांचं मिळून किती होतं हे?" त्यांनी विचारलं.

"कधी काढलं नाही."

"काढ."

त्याला दहा मिनिटं लागली. सगळे ग्राहक धरून प्रत्यक्ष वापराच्या वर नऊ टक्के. मोठ्या कंपन्यांच्या बैठका लांबलचक, एका दमात चालणाऱ्या, त्यांना जेमतेम एक टक्का. जिथं लाइन चांगली नाही किंवा जिथं माणसं थोडं थोडं बोलतात, तिथं वीस, तीस. छोट्या दवाखान्यांचं तर फारच. डॉक्टर दोन वाक्यं बोलणार, माइक बंद.

"म्हणजे ज्याचं इंटरनेट फाटकं, त्याच्या खिशाला भोक," काकू म्हणाल्या.

"मी नाही केलं हो मुद्दाम," मीटरवाला म्हणाला. तो खरंच कानकोंडा झाला होता.

"तुला कुठं म्हणतेय मी."

त्यांनी हेडक्लार्कना उत्तर पाठवलं. ठरलेला मजकूर होता, तोच. आपले बिल तपासले, ते करारातील अमुक कलमानुसार योग्य आहे, प्रत्येक सेशन पुढच्या पूर्ण मिनिटापर्यंत मोजले जाते, आपल्या मागील खोलीतील इंटरनेटची जोडणी तपासून घ्यावी. पाठवून झाल्यावर त्यांना तोंडात खडा आल्यासारखं वाटलं. संध्याकाळी बसमध्ये जागा मिळाली तरी डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. म्हाताऱ्यानं नियम आणि इंटरनेट, दोन्ही मान्य केलं होतं. छपराचं काम चालू असल्यानं दोन वर्ग मागच्या खोलीत हलवले होते, तिथं मध्ये लोखंडी कपाटांची रांग आहे, हेही लिहिलं होतं. खाली एवढंच होतं:

"नियम कळला. पण तो बिलावर दिसत नाही. बिलावर लिहिले आहे 'वापरलेली मिनिटे ८,८२२'. तेवढी मिनिटे आम्ही वापरलेली नाहीत. ती तुम्ही लावली आहेत. लावण्याचा हक्क तुम्हाला असेल, परंतु मग शब्द बदलावा. मला आमच्या मंडळापुढे या कागदावर सही करायची आहे, आणि चाळीस वर्षांत मी खोट्या शब्दाखाली सही केलेली नाही."

काकूंनी ते तीनदा वाचलं. सूट मागितली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. सूट साहेबांकडून मिळते किंवा मिळत नाही, आपण मध्ये पोस्टमन. पण हा शब्द त्यांचाच होता. चार वर्षांपूर्वी बिलाचा नमुना करताना कुठली ओळ कशी वाचली जावी हे ठरवायचं काम त्यांच्याकडे आलं होतं आणि 'वापरलेली मिनिटे' त्यांनीच लिहिलं होतं. तेव्हा ते किती सरळ वाटलं होतं!

त्या रात्री आईनं विचारलं, "काय झालंय? तोंड का असं?"

"काही नाही. एका बिलात एक शब्द चुकलाय."

"मग खोडून दुसरा लिही."

"इतकं सोपं नसतं ते."

"नसेल बाई," आई म्हणाली आणि पाय उशीवर ठेवायला खूण केली. "माझ्या गुडघ्याचं पण तो डॉक्टर असंच म्हणत होता."

आठवड्याच्या बैठकीत काकूंनी विषय काढला. विभागाचे साहेब त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, माणूस वाईट नव्हे, पण तिमाही संपत आली की त्यांचा चेहरा उन्हात राहिलेल्या भाजीसारखा व्हायचा. खूश असले की ते "काकू" म्हणत, नसले की "मॅडम".

"बिलात आता एक ओळ आहे ती दोन ओळींत दाखवावी म्हणते," काकू म्हणाल्या. "पहिली ओळ, प्रत्यक्ष वापरलेली मिनिटं. दुसरी, सेशनचं मिनिट पूर्ण करताना वाढलेली मिनिटं. दर तोच, नियम तोच. लोकांचे फोन येतात, आकडे जुळत नाहीत म्हणतात. आकडा फोडून दाखवला की जुळेल."

साहेब फोनवर काहीतरी वाचत होते. "बेरीज तीच ना?"

"तीच. एका पैशाचा फरक नाही."

"मग विचारायचं काय त्यात, मॅडम? करा. पुढचा विषय."

मीटरवाल्यानं टेबलाखालून काकूंच्या पायाला पाय लावला. काकूंनी त्याच्याकडे बघितलं नाही. मी काही लपवलं नाही, त्यांनी स्वतःला सांगितलं. काय करणार ते सांगितलं, कसं दिसेल तेही सांगितलं. आता समोरच्यानं ऐकलं नाही, तर त्याचं पाप आपल्या माथी कशाला? हे सगळं खरं होतं. तरी बैठकीतून उठताना त्यांना ठाऊक होतं की या माणसानं दमलेल्या कानांनी होकार दिलाय, आणि आपण तो दमलेल्या हातांनी घेतलाय.

काम तसं मोठं नव्हतं, पण नाजूक होतं. आजवर रोजच्या बेरजेत फक्त राउंड केलेली मिनिटं साठवली जात. आता प्रत्येक सेशनचे खरे सेकंदही सोबत चालवायचे होते. महिन्याअखेर त्यांची एकदाच बेरीज करून मिनिटं काढायची, दशांशासकट, आणि लावलेल्या मिनिटांतून ती वजा करून उरतील ती दुसऱ्या ओळीत. मीटरवाल्यानं कोड लिहिला. काकूंनी मागच्या महिन्याची तेराशे चाळीस बिलं नव्या पद्धतीनं काढून जुन्यांशी ताडून पाहिली. तीन बिलांत एकेका पैशाचा फरक निघाला.

"सोडा ना काकू, एक पैसा," मीटरवाला म्हणाला.

"एका पैशाचा फरक नाही असं सांगून आलेय मी."

दोन्ही ओळींची रक्कम वेगवेगळी पूर्ण पैशात बसवल्यानं तो फरक येत होता. मग एकूण रक्कम आधी ठरवायची, पहिल्या ओळीची काढायची आणि दुसरी वजाबाकीनं, असं केलं तेव्हा बसलं. हेडक्लार्कांच्या केंद्राच्या बिलावर खरी मिनिटं निघाली सहा हजार आठशे सत्तर. रजिस्टरपेक्षा साठ कमी. लाइन तुटल्यावर जुळेपर्यंतचे क्षण त्यात नव्हते. म्हाताऱ्याची घंटा अचूक होती.

पुढची तीन तारीख आली. बिलं नऊ वाजता गेली. साडेनऊपर्यंत शांतता. दहा वाजता तक्रारींच्या पानावर चार तिकिटं, म्हणजे चार नोंदवलेल्या तक्रारी. अकराला एकोणतीस. दुपारी काकूंनी डबा उघडला तेव्हा शंभर झाली होती, आणि उघडलेला डबा तसाच बंद केला. संध्याकाळपर्यंत दोनशे बारा.

एका दवाखान्यानं विचारलं होतं, "मिनिट पूर्ण करताना वाढलेली म्हणजे कोणी वाढवली?" एका कॉलेजानं चार वर्षांचा हिशेब मागितला. एकानं नुसतं लिहिलं, "वा!" काकूंना त्या एका अक्षराची सगळ्यांत जास्त धास्ती वाटली.

गंमत अशी की महिनोन् महिने तेच पैसे तीच माणसं मुकाट्यानं भरत होती. बिल एका पैशानं वाढलं नव्हतं. फक्त एका ओळीच्या दोन झाल्या होत्या.

साडेपाचला साहेबांनी बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं. ते ओरडतील अशी तयारी करून काकू गेल्या होत्या, पण साहेब खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत होते.

"तुम्ही मला विचारलं होतं?"

"हो."

"आणि मी काय म्हणालो?"

"बेरीज तीच ना, म्हणालात."

साहेब हसले. हसण्यात जीव नव्हता. "तुम्हाला माहीत होतं असं होणार?"

काकूंनी थोडा विचार केला. खोटं बोलायलाही अंगात ताकद लागते आणि त्या दिवशी ती नव्हती. "इतकं होईल असं वाटलं नव्हतं. पण होईल, हे माहीत होतं."

"मग तेव्हा ठासून सांगायचं होतं, मॅडम. एवढ्या वर्षांच्या तुम्ही. 'साहेब, फोन ठेवा आणि ऐका,' असं म्हणायला काय झालं होतं?"

हा टोला मात्र बरोबर बसला. काकू खाली बघत राहिल्या. "चुकलं ते," त्या म्हणाल्या. "ओळ फोडली ते नाही चुकलं. तुम्हाला फोन ठेवायला लावला नाही, ते चुकलं."

बाहेर कुणीतरी प्रिंटरला शिव्या देत होतं.

"पुढच्या महिन्यात परत एक ओळ करता येईल?" साहेबांनी विचारलं.

"येईल. अर्ध्या दिवसाचं काम. पण मग दोनशे बारा जण विचारतील की दुसरी ओळ कुठे गेली. त्यांना उत्तर तुम्ही लिहाल का? कारण मला काही सुचणार नाही."

साहेबांनी डोळे चोळले. "माझी मुलगी आजारी आहे महिनाभर," ते एकदम म्हणाले. "ताप उतरत नाहीये. त्या दिवशी बैठकीत मी तिचे रिपोर्ट वाचत होतो."

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "मग घरी जा ना तुम्ही. हे काय, उद्याही इथंच असणार आहे."

पुढचे तीन आठवडे वरच्या मजल्यावर बैठका झाल्या. काकूंना दोनदा बोलावलं, आकडे विचारले आणि बाहेर पाठवलं. वकील म्हणाले, करार आपल्या बाजूनं आहे. विक्रीवाले म्हणाले, करार बाजूनं असेल, गिऱ्हाईक नाही. शेवटी ठरलं ते असं: साठ दिवसांची नोटीस देऊन राउंड-अप बंद. यापुढं मोजणी सेकंदावर. आणि दर सहा टक्क्यांनी वाढवायचा. म्हणजे नऊ टक्क्यांतले सहा या खिशातून त्या खिशात, उरलेले कंपनीनं सोसायचे. विक्रीवाल्यांनी लगेच जाहिरात काढली, 'सेकंदाचा हिशेब, चोख व्यवहार', आणि जणू काही हे त्यांना स्वप्नात सुचलं होतं अशा थाटात केक कापला.

काकूंच्या वाट्याला केकचा तुकडा आला आणि बदलाचं सगळं काम आलं. दोन महिने जुन्या आणि नव्या, दोन्ही पद्धतींनी बिलं काढून शेजारी शेजारी ठेवायची. ज्यांचे करार वर्षभराचे होते त्यांना जुनाच दर, त्यांची वेगळी यादी. महिना पालटताना मध्यरात्रीच्या आधी सुरू होऊन नंतर संपलेली सेशनं कुठल्या नियमात बसवायची, यावर मीटरवाल्याशी अर्धा दिवस वाद. सुरुवात ज्या महिन्यात, नियम त्या महिन्याचा, असं ठरलं. शिवाय दोनशे बारा तिकिटं. प्रत्येकाला उत्तर काकूंनी लिहिलं. ठरलेला मजकूर वापरला नाही, त्यामुळे वेळ तिप्पट लागला.

प्रशिक्षण केंद्रासाठी त्यांनी मागच्या खोलीच्या त्या वाढलेल्या मिनिटांची क्रेडिट नोट मागितली. साहेबांनी एका महिन्याची मंजूर केली. "दोन महिन्यांची द्यायला लागलो तर उद्या रांग लागेल, काकू," ते म्हणाले. 'काकू' म्हणाले, म्हणजे मुलगी बरी असणार.

या सगळ्यात आई काठी घेऊन चालू लागली, आणि ते काकूंच्या लक्षातच आलं नाही. एक दिवस त्या उशिरा घरी आल्या तर आई स्वयंपाकघरात उभी.

"केव्हापासून?"

"चार दिवस झाले. तू बघशील म्हणून दोनदा तुझ्या समोरून गेले," आई म्हणाली. "धाकटीनं फोनवर ओळखलं. एवढ्याशा पडद्यावर!"

काकूंना रडू आलं. आई घाबरली, मग चिडली, मग म्हणाली, "बस खाली. जेव आधी."

नव्या पद्धतीची पहिली बिलं ज्या तीन तारखेला गेली, त्या दिवशी पानावर एकोणीसच तिकिटं आली. ती मोठ्या कंपन्यांची होती, ज्यांचं बिल जवळजवळ पाच टक्क्यांनी वाढलं होतं. ती साहेबांनी आणि विक्रीवाल्यांनी वाटून घेतली. दुपारी फोन वाजला आणि काकूंनी आवाज लगेच ओळखला.

"हेडक्लार्क बोलतोय. क्रेडिट नोट मिळाली. आभार. मागच्या खोलीत आम्ही वायर टाकून घेतली, आता अक्षरं थांबत नाहीत. छपराचं काम झालं तरी वर्ग तिथंच ठेवलेत."

"बरं झालं, काका. बिल ठीक आहे ना?"

"तेच सांगायला फोन केला." कागद उलटल्याचा आवाज आला. "मी दोन्ही तऱ्हेनं करून पाहिलं. वायर टाकल्यावर तुमचा जुना नियम असता तर आम्हाला साधारण चार टक्के जास्त पडले असते. आता दर सहानं वाढलाय. म्हणजे नव्या नियमात आम्ही जवळजवळ दोन टक्क्यांनी तोट्यात आहोत."

काकूंनी डोळे मिटले. हा हिशेब त्यांनी पंधरा दिवसांपूर्वीच केला होता आणि कुणाला सांगितला नव्हता. "हो," त्या म्हणाल्या. "तसंच आहे ते. तुम्ही वायर टाकली नसती तर फायद्यात असता."

मग म्हातारा हसायला लागला. हसताना त्याला खोकला आला.

"मंडळाला काय सांगणार?" काकूंनी विचारलं.

"जे आहे ते. मिनिटं आमची आहेत, दर त्यांचा आहे, परवडत नसेल तर दुसरीकडं बघा. बघतीलही. पुढच्या वर्षी कुणीतरी स्वस्त देणारा आला तर जातीलही, त्याची मी हमी देत नाही. पण या महिन्यात मी सही केली."

"माझ्यामुळे तुमचं बिल वाढलं, काका."

"तुमच्यामुळं कसलं? तुम्ही काय दर ठरवता?" आवाज थोडा नरम झाला. "तुम्ही दमलेल्या वाटता, ताई. मला विचारायचा अधिकार नाही. पण रजा घ्या दोन दिवस."

"घेईन," काकू म्हणाल्या.

त्या दिवशी त्या वेळेवर निघाल्या. बसला गर्दी नव्हती, खिडकीपाशी जागा मिळाली. बसल्या आणि तिसऱ्या मिनिटाला त्यांना झोप लागली, ती इतकी गाढ की आपला थांबा गेला, त्यापुढचे चार गेले, आणि शेवटच्या थांब्यावर कंडक्टरनं दांडीवर नाणं वाजवून उठवलं.

"बाई, गाडी इथंच संपते."

काकू उतरल्या. परतीची बस वीस मिनिटांनी होती. त्यांनी घरी फोन केला, उशीर होईल म्हणून. आई म्हणाली, "होऊ दे. मी कुठं धावायला चाललेय?" मग बाकावर बसून राहण्याऐवजी काकू घराच्या दिशेनं चालायला लागल्या. दुकानं बंद होत आली होती. पिशवी जड होती. एका थांब्यावरून बस त्यांना मागे टाकून पुढं गेली, तेव्हा त्यांनी हातसुद्धा केला नाही.